रँडम पिव्होटने नेमकं काय वाचतं? माझा क्विकसॉर्ट 'हॅक' झाला

नीरेकाठी
गेल्या शनिवारी रात्री एका ऑनलाइन स्पर्धेत बसलो होतो. एका प्रश्नात एक लाख आकडे चढत्या क्रमाने लावून पुढे साधा हिशोब करायचा होता. सॉर्ट मी हातानेच लिहिला. पिव्होट म्हणून पहिला आकडा घेतला तर आधीच क्रमात असलेल्या यादीवर क्विकसॉर्ट रडतो हे कॉलेजात शिकलो होतो, म्हणून मधला घेतला:

```cpp
void qs(int l, int r) {
    if (l >= r) return;
    swap(a[(l + r) / 2], a[r]);
    int p = l;
    for (int i = l; i < r; i++)
        if (a[i] < a[r]) swap(a[i], a[p++]);
    swap(a[p], a[r]);
    qs(l, p - 1);
    qs(p + 1, r);
}
```

सगळ्या टेस्ट पास झाल्या. या स्पर्धेत आपलं उत्तर लॉक केलं की दुसऱ्यांचा कोड वाचून त्यावर आपली टेस्ट फेकता येते. कुणीतरी माझ्यावर एक लाख आकड्यांची फाइल फेकली आणि कोड वेळेच्या मर्यादेत संपलाच नाही. प्रश्न गेला.

नंतर सगळे म्हणाले, "रँडम पिव्होट घ्यायचा होतास." इथेच माझं अडतं. एक तर, समोरचा माझा कोड वाचतो. रँडम लिहिलं तर तेही त्याला दिसणारच. दुसरं, रँडमनेही दरवेळी सगळ्यात वाईट पिव्होट निघू शकतो, म्हणजे n² तुलनांची भीती तर तशीच राहिली. मग वाचलं काय?

बंड्या_कोडर
भावा, सोपं आहे. रँडम घेतला की वर्स्ट केस उरतच नाही. इनपुट पिसल्यासारखं होतं, आणि पिसलेल्या इनपुटवर क्विकसॉर्ट सरासरी n log n. विषय संपला.

शुभदाताई
पिव्होटवर धागा बघून आले. माझ्या पिव्होट टेबलमध्ये महिन्यांचा क्रम नेहमी चुकतो. एप्रिलनंतर थेट ऑक्टोबर, मग ऑगस्ट, मग जानेवारी. वसुलीचा तक्ता दर महिन्याला हाताने सरळ करावा लागतो. यावर उपाय आहे का?

नीरेकाठी
ताई, हा पिव्होट वेगळा. यादीतला एक आकडा निवडून त्याच्यापेक्षा लहान एका बाजूला आणि मोठे दुसऱ्या बाजूला काढायचे, त्या निवडलेल्या आकड्याला पिव्होट म्हणतात. तुमचे महिने अक्षरांच्या क्रमाने लागताहेत. एक्सेलमध्ये कस्टम लिस्ट नावाची सोय आहे, तिच्यात महिने एकदा क्रमाने लिहून ठेवले की बहुतेक काम होईल.

अर्धविराम
नीरेकाठी, प्रश्न चांगला विचारलात. बंड्याचं उत्तर अर्धं बरोबर आहे, त्याच्याकडे नंतर येते. आधी तुमच्यावर फेकलेली फाइल कशी तयार झाली ते बघू, कारण ते कळलं की उरलेलं बरंचसं आपोआप सुटतं.

तुमचा कोड समोर ठेवून आठ आकडे घ्या: 2 4 6 8 1 5 3 7. बघताना काही खास वाटत नाही. आता चालवा. मधल्या जागेवर 8 आहे, म्हणजे सगळ्यात मोठा. तो शेवटी गेला, 7 त्याच्या जागी आला, बाकी कुणी हललं नाही: 2 4 6 7 1 5 3 आणि 8. उरलेल्या सातांत मध्ये कोण? 7. पुन्हा सगळ्यात मोठा. तो गेला की 2 4 6 3 1 5, आणि मध्ये 6. असंच शेवटपर्यंत. दरवेळी फक्त एकच आकडा बाजूला निघतो, म्हणून तुलना होतात 7+6+5+4+3+2+1, म्हणजे 28. आठ आकड्यांवर यापेक्षा जास्त तुलना तुमच्या कोडकडून होऊच शकत नाहीत.

ही यादी बनवायला हुशारीसुद्धा लागत नाही. तुमचाच कोड उलटा चालवायचा:

```python
a = []
for r in range(n):
    a.append(r + 1)
    m = r // 2
    a[m], a[r] = a[r], a[m]
```

दर पायरीला नवा सर्वांत मोठा आकडा शेवटी ठेवायचा आणि लगेच मधल्या जागेवर नेऊन बसवायचा, कारण तुमचा कोड तिथेच बघणार हे ठाऊक आहे. n ला एक लाख केलं की तुमची शनिवारची फाइल तयार.

आता मला सांगा, यात त्या माणसाला तुमच्या कोडमधली नेमकी कुठली गोष्ट माहीत असणं गरजेचं होतं?

नीरेकाठी
कागदावर करून बघितलं, खरंच 28 आल्या! त्याला माहीत असायला हवं होतं की मी दर वेळी कुठल्या जागेवरचा आकडा उचलणार. `(l + r) / 2` एवढंच.

बंड्या_कोडर
मग पहिला, मधला आणि शेवटचा बघून तिघांतला मधल्या किमतीचा घ्यावा. मी तसंच करतो, आजवर कधी अडलं नाही.

अर्धविराम
बंड्या, साध्या डेटावर ते छान चालतं. क्रमात लागलेली किंवा उलट्या क्रमातली यादी त्याने सुटते. पण ज्या तीन जागा बघणार त्याही आधीच ठरलेल्या आहेत. तीनही जागांवर एकाच टोकाचे आकडे बसवले की त्यांच्यातला मधला तरी काय करणार? तो टोकापासून दुसरा निघतो. दर फेरीत एकाऐवजी दोन आकडे सुटतात, त्यामुळे 500 कोटी तुलनांच्या जागी साधारण निम्म्या होतील. तरीही मर्यादा ओलांडलीच. तीनच्या जागी नऊ जागा घेतल्या तरी गोष्ट तीच.

नीरेकाठी, "कुठल्या जागेवरचा" हे तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. लहानपणी एकी-बेकी खेळलात ना? मुठीत चिंचोके घ्यायचे आणि समोरच्याने एकी की बेकी ते ओळखायचं. तुम्ही नेहमी चारच चिंचोके घेता हे मित्राला कळलं की तो दर डाव जिंकणार. पण डोळे मिटून पिशवीत हात घालून येतील तेवढे घेतले, तर "हा डोळे मिटून घेतो" हे त्याला माहीत असूनही उपयोग नाही. तुमची पद्धत त्याला माहीत आहे. मुठीत काय आलं ते माहीत नाही, कारण तो बोलेपर्यंत तुमचं तुम्हालाही माहीत नसतं.

इथे सगळं क्रमावर अवलंबून आहे. समोरचा आधी फाइल देतो. ती दिल्यावर त्याला बदलता येत नाही. तुमचे फासे त्यानंतर पडतात. त्याने तुमचा कोड पाठ केला तरी, आज रात्री सर्व्हरवर `l` आणि `r` यांच्यामध्ये कुठली जागा निघेल ते त्या कोडमध्ये लिहिलेलं नाही.

नीरेकाठी
हे पटलं. पण दुसरा प्रश्न तसाच आहे. फासे वाईट पडले तर?

अर्धविराम
तर वाईटच. बंड्या म्हणाला वर्स्ट केस उरत नाही, ते चूक. वर्स्ट केस उरतो, फक्त तो आता कुठल्या फाइलला चिकटलेला नसतो.

त्याच आठ आकड्यांवर बघा. 28 तुलना व्हायच्या तर प्रत्येक फेरीत पिव्होट सगळ्यात लहान किंवा सगळ्यात मोठाच निघायला हवा. आठांत दोन, सातांत दोन, सहांत दोन, असं शेवटपर्यंत. गुणाकार केला तर 315 वेळांत एकदा. वीस आकडे घेतले तर हेच प्रमाण साडेचार लाख कोटींत एकदा. एक लाख आकड्यांचं तर लिहायलाच नको.

आता तुलना सरासरी किती होतात ते मोजू. पाठ्यपुस्तकात समीकरण मांडून सोडवतात, मला दुसरी वाट आवडते. यादीतल्या जागा विसरा, फक्त किमती बघा. 1 आणि 8 यांची एकमेकांशी तुलना कधी होईल? आठांतला पहिलाच पिव्होट 1 किंवा 8 निघाला तरच. मधला कुठलाही निघाला तर ते दोघे दोन बाजूंना जातात, पुन्हा कधीच भेटत नाहीत. म्हणजे आठांत दोन. आणि 4 व 5? त्यांच्या मध्ये कुणीच नाही, त्यांना वेगळं करणारा तिसरा नाही, म्हणून त्यांची तुलना नक्की होणार. 4 आणि 6? मध्ये फक्त 5. तिघांत पहिला पिव्होट 5 झाला तर वाचले, नाहीतर तुलना. तिघांत दोन.

सगळ्या जोड्यांची बेरीज केली तर 16.92 येते. म्हणजे 28 च्या जागी सरासरी 17. आणि एक लाख आकड्यांवर सुमारे 500 कोटींच्या जागी सुमारे 20 लाख.

या हिशोबात आकडे फाइलमध्ये कुठे होते हे कुठेच आलं नाही. 2 4 6 8 1 5 3 7 असो की 1 ते 8 सरळ, 16.92 तेच. समोरच्याच्या हातात एकच गोष्ट होती, आकड्यांची मांडणी. तीच हिशोबातून निघून गेली.

बंड्या_कोडर
ठीक आहे, "उरतच नाही" हे मागे घेतो. पण सरासरी n log n मीही म्हणालो होतो!

अर्धविराम
म्हणालास, पण सरासरी कशावरची यात फरक आहे. "इनपुट रँडम असेल तर सरासरी n log n" हे नीरेकाठींच्या मधल्या पिव्होटलाही लागू होतं. त्यानेच ते फसले. इनपुट पाठवणारा माणूस मुद्दाम वाईट निवडतो, त्यावर सरासरी कशी काढणार? रँडम पिव्होटची सरासरी आपल्या फाशांवरची असते, आणि प्रत्येक इनपुटला स्वतंत्रपणे लागू होते. हां, तुझा पिसण्याचा मुद्दा बरोबर होता. आधी सगळी यादी नीट पिसून घेतली आणि मग पहिलाच आकडा पिव्होट घेतला तरी हिशोब हाच.

जुनं_टर्मिनल
मुद्दाम वाईट निवडणारा माणूस नसतानाही हे घडतं, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. 1991 च्या उन्हाळ्यात बेल लॅब्जमध्ये ॲलन विल्क्स आणि रिक बेकर यांचा एक प्रोग्राम तासन् तास अडकून बसला. युनिक्सच्या `qsort` ला काही मिनिटांत संपायला हवं असं काम दिलं होतं. थांबवला नसता तर आठवडे चालला असता. शोधल्यावर कळलं की आकडे आधी चढत जाऊन मग तसेच उतरत येत असतील, 1 2 3 … 3 2 1, तर ते `qsort` सरळ n² वर जातं. ऑर्गनच्या नळ्या अशाच उंचीने लावलेल्या असतात, म्हणून त्या मांडणीला ऑर्गन-पाइप म्हणतात. कुणी वैरी नव्हता, डेटाच तसा आला होता. त्यावरूनच जॉन बेंटली आणि डग मॅकिलरॉय यांनी नवं `qsort` लिहिलं आणि 1993 मध्ये त्यावर लेख छापला.

आणि टोनी होअर यांनी 1961 मध्ये क्विकसॉर्ट छापला तेव्हा पार्टिशनच्या, म्हणजे लहान-मोठे वेगळे काढण्याच्या, अल्गॉल भाषेतल्या छोट्या कोडमध्ये पिव्होट रँडमच घेतला होता. पहिला किंवा मधला घेणं नंतर आलं, कारण रँडम आकडा काढायला वेळ लागतो आणि रोजच्या डेटावर मधला बरा चालतो. मी नोकरीला लागलो तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. मूळ कोड बघितला तेव्हा मी त्या ओळीशी कितीतरी वेळ थांबलो होतो.

खडीसाखर
माझा अनुभव उलटा आहे. मी रँडम पिव्होट लावला आणि तरीही कोड रखडला. सर्वेक्षणाच्या 2 लाख नोंदी होत्या, त्या जिल्ह्याच्या क्रमांकाप्रमाणे लावायच्या होत्या. 1 ते 36. सॉर्ट जवळपास वरच्यासारखाच, फक्त पिव्होटची जागा रँडम. 43 लाख तुलनांच्या आसपास व्हायला हव्या होत्या असं मी सूत्रावरून काढलं. मोजल्या तर 55 कोटींच्या पुढे! तेव्हापासून माझा या रँडमवर विश्वास नाही.

अर्धविराम
खडीसाखर, रँडमचा दोष नाही, त्या पार्टिशनचा आहे. `a[i] < a[r]` बघा. पिव्होटच्या बरोबरीचे सगळे उजवीकडे ढकलले जातात. 2 लाख नोंदींत 36 च वेगळ्या किमती, म्हणजे एकेका जिल्ह्याच्या साडेपाच हजार. एकदा सगळी तुकडी एकाच जिल्ह्याची उरली की पिव्होट कुठलाही उचला, सगळे सारखेच. डावीकडे शून्य, उजवीकडे एक कमी. साडेपाच हजारांचा वर्ग, त्याचा अर्धा म्हणजे दीड कोटी. गुणिले 36. तुमचे 55 कोटी आले.

माझा 16.92 चा हिशोब सगळे आकडे वेगवेगळे आहेत असं धरून होता, ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. इथे पुरावा तुटतो. फासे टाकून उपयोग होतो तो फाशांच्या दोन बाजू वेगळ्या असतील तेव्हाच.

इलाज म्हणजे तीन भाग करायचे: लहान, बरोबरीचे, मोठे. बरोबरीच्यांना पुन्हा हात लावायचा नाही. डायक्स्ट्रा यांनी डच झेंड्याचा प्रश्न म्हणून हे मांडलं होतं, तीन रंगांचे खडे तीन पट्ट्यांत लावायचे. तुमच्या डेटावर मग रिकर्शन 36 वेगळ्या किमतींपुरतंच चालेल. आणि हे स्पर्धेतही लक्षात ठेवा. कुणी एक लाख वेळा नुसता 7 पाठवला तर नीरेकाठींचा कोड रँडम लावूनही पडेल.

एकच_चहा
मला या सगळ्या रँडम प्रकरणावरच हरकत आहे. मी डेटाबेसच्या आतल्या भागावर काम करतो. रात्री दोनला काहीतरी बिघडतं, सकाळी तोच डेटा घेऊन पुन्हा चालवतो, आणि आतमध्ये फासे असतील तर बिघाड पुन्हा येत नाही. बरोबरीच्या किमतींचा क्रम प्रत्येक वेळी वेगळा लागतो, कालचा आणि आजचा अहवाल ताडून बघायला गेलं की दहा ओळी वेगळ्या दिसतात.

फासे नकोच असतील तर रस्ता आहे. डेव्हिड मसर यांनी 1997 मध्ये इंट्रोसॉर्ट मांडला. साधा पिव्होट घ्या, रिकर्शन किती खोल गेलं ते मोजत राहा, log n च्या दुप्पट खोलीपलीकडे गेलं की तेवढ्या तुकड्यावर हीपसॉर्ट लावा. समोरचा कितीही वाईट फाइल देवो, n log n ची हमी. "साडेचार लाख कोटींत एकदा" वगैरे बोलायची गरज नाही. सी प्लस प्लसच्या `std::sort` मध्ये तेच असतं. नीरेकाठी, तुम्ही ते वापरलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

नीरेकाठी
खरं आहे, पण मग मला हे काहीच कळलं नसतं.

अर्धविराम
एकच_चहा, हमीबद्दल पूर्ण मान्य. आणि खोली मोजायची कल्पना रँडमबरोबरही चालते, दोन्ही एकत्र ठेवायला काहीच हरकत नाही. बिघाड पुन्हा आणण्यासाठी सीड, म्हणजे ज्या आकड्यापासून फासे सुरू होतात तो, लॉगमध्ये लिहून ठेवता येतो.

एकच_चहा
लॉगमध्ये सीड लिहिला की लॉग वाचणाऱ्याला फासे माहीत झाले. आमच्याकडे लॉग चार लोक वाचतात. शिवाय दहा थ्रेड चालत असतात, कुठला सीड कुठल्या सॉर्टचा हे जुळवत बसा. मी माझ्या जागेवर ठाम आहे.

रात्रपाळी
सीडचा विषय निघालाय म्हणून सांगते. मी रँडम पिव्होट लावूनही हॅक झाले आहे. कोडमध्ये `rand()` होतं, पण `srand` कुठेच नव्हतं. सीड दिला नाही तर `rand()` दर वेळी सीड 1 धरूनच सुरू होतं, म्हणजे माझे फासे रोज तेच आकडे त्याच क्रमाने दाखवत होते. समोरच्याने माझा कोड आपल्याकडे चालवला, कुठल्या जागा निघतात त्या लिहून घेतल्या आणि त्या जागांवर मोठे आकडे बसवले. अर्धविराम यांनी वर दाखवलेला उलटा कोड बघा. त्यात `r // 2` च्या जागी फक्त ती लिहून घेतलेली जागा घालायची. एवढंच.

मग `srand(time(0))` लावलं. त्यातही सीड सेकंदासेकंदाने बदलतो, चाचणी कधी चालेल याचा अंदाज असेल तर थोडेच सीड उरतात. आता मी हे वापरते:

```cpp
mt19937 rng(chrono::steady_clock::now()
            .time_since_epoch().count());
swap(a[l + rng() % (r - l + 1)], a[r]);
```

अजून एक. विंडोजवरच्या काही कंपायलरमध्ये `rand()` 32767 च्या पुढे जातच नाही. एक लाखाच्या यादीवर `rand() % n` केलं तर पिव्होट कायम यादीच्या पहिल्या एक तृतीयांश हिश्श्यातूनच निघणार. दिसायला रँडम, पण दोन तृतीयांश यादीकडे कधी बघणारच नाही.

बंड्या_कोडर
बाप रे. माझ्या सगळ्या जुन्या कोडमध्ये नुसतं `rand()` आहे. आज रात्री साफसफाई!

जुनं_टर्मिनल
अर्धविराम, मॅकिलरॉय यांचा 1999 चा लेख इथे यायला हवा. ते तर सोर्स कोड न वाचताच कुठल्याही `qsort` ला पाडायचे.

अर्धविराम
हो, आणि रँडमची खरी हद्द तिथेच दिसते. `qsort` ला तुलना करणारं फंक्शन आपण देतो. मॅकिलरॉय यांचं फंक्शन किमती आधी ठरवतच नाही. सगळे आकडे सुरुवातीला "अजून ठरले नाहीत" अशा अवस्थेत. सॉर्टने दोघांची तुलना मागितली आणि दोघेही न ठरलेले असले, तर त्यातला जो पिव्होट असावा असा संशय आहे त्याला तिथल्या तिथे उरलेल्यांतली सगळ्यात लहान किंमत देऊन टाकायची. म्हणजे तुम्ही जो पिव्होट निवडाल तो निवडल्यानंतर वाईट ठरतो. आधी दिलेल्या कुठल्याही उत्तराशी विसंगती येत नाही, म्हणून सॉर्टला काही कळत नाही.

एकी-बेकीत मित्राने आधी बोलायचं असतं. इथे मूठ उघडल्यावर तो बोलतो. अशा वेळी फासे कितीही चांगले असले तरी त्या खेपेला n² होणारच.

फरक पडतो तो पुढच्या खेपेला. शेवटी ठरलेल्या किमती फाइलमध्ये लिहून घेतल्या, तर ठरलेल्या जागेवरून पिव्होट घेणाऱ्या `qsort` ला ती फाइल पुन्हा पुन्हा पाडते. रँडम पिव्होटवाल्याला ती दुसऱ्यांदा दिली तर ती कुठल्याही इतर फाइलसारखीच, कारण फासे नवे पडले. म्हणून मी स्वतः असं बघते: समोरच्याकडून फक्त डेटा येतोय की तुलना करणारा कोडही त्याचाच आहे? डेटाच असेल तर रँडम पुरतो. कोडही त्याचा असेल तर एकच_चहा यांचा हीपसॉर्टचा राखीव रस्ता हवाच.

एकच_चहा
हे मात्र मी कुठेतरी लिहून ठेवणार.

नीरेकाठी
आज बसून सगळं चालवून पाहिलं. माझ्यावर फेकलेली फाइल मिळाली नाही, म्हणून अर्धविराम यांच्या पाच ओळींनी एक लाखाची बनवली आणि कोडमध्ये तुलना मोजायला एक काउंटर लावला.

मधला पिव्होट: 4,99,99,50,000. अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत n(n−1)/2.

तीच फाइल, फक्त `swap` ची एक ओळ रात्रपाळी यांची लावली. तीन वेळा चालवली: 19,87,412, मग 20,71,938, मग 20,03,655. दर वेळी वेगळा आकडा, पण सगळे 20 लाखांच्या आजूबाजूला. मग त्याच कोडवर सरळ क्रमातली यादी दिली, उलटी दिली, ऑर्गन-पाइपची मांडणी आकडे वेगवेगळे राहतील अशी करून दिली. सगळीकडे तेच. कुठली फाइल चालू आहे हे नुसता काउंटर बघून मला ओळखता येईना! "मांडणी हिशोबातून निघून गेली" हे वाक्य तेव्हा खरं कळलं.

नंतर एक लाख वेळा 7 दिला. पुन्हा 4,99,99,50,000. तीन भागांचं पार्टिशन आज लिहायला घेतलंय.

माझी रूममेटशी पैज लागली आहे. तो जावात लिहितो आणि म्हणतो, "`Arrays.sort` वापरतो, मला हे लागूच नाही." खरं आहे का?

रात्रपाळी
कुठलं जावा आणि कसला ॲरे त्यावर आहे. जावा 7 पासून `int[]` साठी आत दोन पिव्होटांचा क्विकसॉर्ट आहे आणि पिव्होटच्या जागा ठरलेल्या आहेत, रँडम नाहीत. कोडफोर्सेस या स्पर्धांच्या साइटवर त्याला पाडणाऱ्या फायली लोकांकडे तयार असायच्या, म्हणून जावावाले आधी ॲरे पिसून घेतात किंवा `Integer[]` वापरतात. त्याला क्विकसॉर्ट नाही, टिमसॉर्ट लागतो. जावा 14 पासून `int[]` मध्येही फार खोल गेलं की हीपसॉर्ट सुरू होतो. आधी त्याला व्हर्जन विचारा, पैज मग ठरवा.

नीरेकाठी
जावा 8 आहे म्हणतोय. `int[]`.

बंड्या_कोडर
पैज जिंकलास भावा. फाइल बनवायला मी येतो.

शुभदाताई
कस्टम लिस्टने महिने सरळ झाले, आभार. सगळा धागा वाचला, एकी-बेकीपर्यंत नीट समजला. खडीसाखर, माझ्याकडेही जिल्हावार याद्या असतात. तुमचं तीन भागांचं काम झालं की तुलना किती आल्या ते इथे लिहाल का?

खडीसाखर
ताई, कालच केलं. 2 लाख नोंदी, 36 जिल्हे, तीन भागांचं पार्टिशन, पिव्होट रँडमच ठेवला. 55 कोटींच्या जागी 20 लाखांच्या आतच आटोपलं. अर्धविराम, वेगवेगळ्या आकड्यांच्या 43 लाखांपेक्षाही हे कमी कसं आलं ते अजून नीट उमगलेलं नाही, वेळ मिळाला की सांगा.